३०४एच ट्यूबचा ग्रेन साइझ: साडेसात की सहा?

गुलालवाडीतल्या एका पाइप-ट्यूबवाल्या शेठचा माल अडकला होता. माल म्हणजे ३०४एच स्टेनलेसच्या सीमलेस ट्यूबा, बाहेरचा व्यास ५०.८ मिमी आणि भिंत ४ मिमी, बॉयलरच्या कामाच्या. पार्टीने दुसऱ्या एका लॅबकडून टेस्ट करून घेतली, रिपोर्टात ग्रेन साइझ आला साडेसात, आणि पार्टीने सरळ लॉट रिजेक्ट केला. शेठ ट्यूबचा वीतभर तुकडा आणि तो रिपोर्ट घेऊन साकीनाक्याला आमच्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, मिलच्या सर्टिफिकेटला सहा लिहिलंय, यांनी साडेसात काढला, आता मी कुणाचं ऐकू?"

आधी हे समजून घ्या की साडेसात आला म्हणून रिजेक्ट का. ग्रेन म्हणजे धातूतले छोटे स्फटिक, आणि दोन ग्रेनमधली सीमा म्हणजे बाउंड्री. बाकी बहुतेक ठिकाणी बारीक ग्रेन म्हणजे चांगला माल, इथे उलटं आहे. एच ग्रेड वापरतात जास्त टेंपरेचरला, तिथे क्रीपची भीती असते, म्हणजे लोड तेवढाच राहतो आणि धातू वर्षानुवर्षं हळूहळू ताणला जातो. ग्रेन बारीक असले की बाउंड्री जास्त, बाउंड्री जास्त की ग्रेन एकमेकांवर सरकायला जागा जास्त. म्हणून एएसटीएम ए २१३ मध्ये या ग्रेडला ग्रेन साइझ नंबर ७ किंवा त्याहून जाड मागितलाय. आणि नंबर असा आहे की ग्रेन जितका बारीक तितका नंबर मोठा. म्हणजे ७, ६, ५ चालतील, साडेसात नाही. शेठना हे सांगितल्यावर ते म्हणाले "मग मोठा नंबर वाईट?" म्हटलं हो, या मालाला वाईट.

आता साडेसात आणि सहा यांच्यात फरक केवढा? नंबर दोनने वाढला की ग्रेनची सरासरी रुंदी बरोबर अर्धी होते. सहा नंबरला मीन इंटरसेप्ट, म्हणजे एक रेघ ओढली तर तिच्यावर दोन बाउंड्रींमध्ये सरासरी किती अंतर पडतं ते, ४० मायक्रॉन. साडेसातला २३.८ मायक्रॉन. हा काही मोजणाऱ्याच्या नजरेतला इकडचा तिकडचा फरक नाही, दोन माणसं एकाच फोटोवर मोजायला बसली तर अर्ध्या नंबरापर्यंत पुढेमागे होतात, दीड नंबर कोणी चुकत नाही. म्हणजे एकतर ट्यूबच वेगळी, नाहीतर दोघांनी मोजलेली वस्तू वेगळी.

रिपोर्टातला फोटो बघितला. खाली लिहिलंय २०० एक्स, कोपऱ्यात १०० मायक्रॉनचा बार. मी सवयीप्रमाणे पट्टी लावली. २०० एक्सला १०० मायक्रॉनचा बार कागदावर २० मिमी भरायला पाहिजे, इथे भरला १३. म्हणजे फोटो वर्डच्या फाइलमध्ये टाकून कोपरा धरून लहान केलेला, कागदावरचं खरं मॅग्निफिकेशन १३० एक्स. इथे मला वाटलं सापडलं! कारण कोणी २०० एक्सवर विश्वास ठेवून कागदावर पट्टीने मोजलं तर त्याला रेघ वाटते त्यापेक्षा ती खऱ्यात दीडपट लांब असते, साहजिकच दीडपट बाउंड्री मोजल्या जातात, आणि नंबर चुकतो साधारण सव्वाने. साडेसातातून सव्वा वजा केले की सव्वासहा. मिलच्या सर्टिफिकेटशी इतकं छान जुळत होतं की तिथेच फाइल बंद करावीशी वाटली.

पण एक गोष्ट तपासायची होती. बार फोटोबरोबरच लहान होतो, त्यामुळे बार खोटं बोलत नाही. म्हणून मी २०० एक्स विसरून बारला खरं मानलं आणि त्याच प्रिंटवर दिसेल ती प्रत्येक काळी रेघ मोजली. एका मिलिमीटरला, म्हणजे धातूतल्या खऱ्या मिलिमीटरला, ४१ च्या आसपास आल्या. त्यांच्या साडेसातचा हिशोब उलटा केला तर येतात ४२. म्हणजे त्यांनी कागदावर मोजलेलंच नव्हतं, रिपोर्टात लिहिल्याप्रमाणे इमेज अॅनालिसिस सॉफ्टवेअरने मोजलेलं आणि सॉफ्टवेअरचं कॅलिब्रेशन बरोबर होतं. मॅग्निफिकेशन सुटलं. फोटोत खरोखरच तितक्या रेघा होत्या. प्रश्न एवढाच उरला की त्यातल्या बाउंड्री किती.

स्टेनलेसच्या फोटोत बाउंड्री नसलेल्या रेघा दोन जागांहून येतात. एक, सॅम्पल तयार करताना आपणच धातू चेंगरतो त्याच्या. दोन, ट्विन. फोटो बारीक आणि प्रिंट अशी तशी, त्यावरून नक्की सांगता येत नव्हतं. सॅम्पल पहिल्यापासून करायचं ठरलं.

कापण्यापासूनच काळजी, कारण ३०४ सारखं ऑस्टेनिटिक स्टेनलेस मऊ असतं आणि मार बसला की लगेच कडक होतं. हॅकसॉने किंवा कोरड्या ग्राइंडरने कापलं तर कापलेल्या तोंडाखाली बऱ्यापैकी खोलपर्यंत धातू चेंगरलेला राहतो, वरून कितीही चकाचक पॉलिश करा. आम्ही अॅब्रेसिव्ह कटरवर, पातळ अॅल्युमिनाच्या व्हीलने, भरपूर कूलंट सोडून, व्हील न दाबता ट्यूबची चकती काढली आणि चकतीतून कमानीसारखा तुकडा घेतला. तो हॉट माउंटिंग प्रेसमध्ये बेकलाइटमध्ये बसवला, १५० डिग्रीच्या आसपास, ३० मिमीचा माउंट. या टेंपरेचरला ३०४ च्या ग्रेनला काही होत नाही, ती काळजी नको.

मग पेपर. १८० नंबरने सुरुवात, मग २४०, ३२०, ४००, ६००, सगळे सिलिकॉन कार्बाइडचे आणि वरून पाणी चालू. इथे एक भानगड आहे, काही पेपरांवर नंबराआधी पी असतो आणि तो नंबर वेगळ्या मापाचा असतो, साधा ६०० म्हणजे साधारण पी १२००. पाकीट न बघता पी ६०० ला शेवटचा पेपर समजलात तर पुढे डायमंडला खूप मोठा खड्डा भरून काढावा लागतो. आमचे पॉलिशिंगचे काका (हे काम करत त्यांचे केस पिकले) प्रत्येक पेपरला माउंट ९० अंशात फिरवतात, जेणेकरून आधीच्या पेपरचे ओरखडे आडवे दिसावेत, आणि ते ओरखडे गेले की थांबत नाहीत, जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ परत घासतात. कारण ओरखड्याच्या खाली चेंगरलेला थर असतो तो डोळ्याला दिसत नाही, ओरखडा गेला तरी थर तिथेच असतो. नवीन पोरं इथेच घाई करतात. दुसरी गोष्ट पेपर, झिजलेला पेपर कापत नाही, नुसता चोळतो, आणि चोळण्याने स्टेनलेस अजून चेंगरतं, त्यामुळे स्टेनलेसला पेपरची काटकसर करायची नाही. ४ रुपये वाचवायला जाऊन अख्खा माउंट परत करायला लागतो.

पेपरनंतर डायमंड, ६ मायक्रॉन, मग ३, मग १, लव नसलेल्या कडक कापडावर. प्रत्येक वेळी मध्ये माउंट आणि हात दोन्ही साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण ६ मायक्रॉनचा एक कण १ च्या कापडावर गेला की ते कापड गेलंच समजा. आणि सगळ्यात शेवटी कोलॉइडल सिलिका, ०.०५ मायक्रॉन, मऊ कापडावर. सिलिका नुसती घासत नाही, थोडी केमिकलनेही खाते, त्यामुळे डायमंडने मागे ठेवलेला पातळ चेंगरलेला थर ती अलगद काढते. स्टेनलेसला ही स्टेप सोडायची नाही. फक्त शेवटचे १०-१५ सेकंद कापडावर साधं पाणी सोडून फिरवायचं, नाहीतर सिलिका माउंटवर सुकते आणि मग तिचा पांढुरका पापुद्रा निघता निघत नाही. त्यानंतर पाण्याने धुऊन आयसोप्रोपिल मारून गरम हवेने सुकवायचं. जुलैत आमच्याकडे हवा इतकी दमट असते की नुसत्या ब्लोअरने पाण्याचे डाग राहतात, अल्कोहोल मारल्याशिवाय पर्याय नाही.

एचिंगच्या, म्हणजे अॅसिडने तोंड हलकं खाऊन बाउंड्री उठवण्याच्या आधी माउंट तसाच मायक्रोस्कोपखाली बघायचा. बरेच जण बघत नाहीत. ओरखडे, डाग, सिलिकाचे ठिपके जे काय असेल ते आत्ता दिसतं, आणि एचिंगनंतर ते सगळं बाउंड्रीच्या जंगलात हरवतं. आमचा साफ होता, नेहमीचे दोन-चार इन्क्लुजन सोडले तर आरसा.

पहिलं एचिंग ग्लिसरेजियाने केलं, म्हणजे ३ भाग हायड्रोक्लोरिक, २ भाग ग्लिसरीन, १ भाग नायट्रिक. हे ताजंच करायचं आणि काम झालं की टाकून द्यायचं, बाटलीत भरून ठेवायचं नाही, कारण ते आतल्या आत रिअॅक्शन करत राहतं, गॅस सोडतं आणि बंद बाटली फुटू शकते. कापसाने हलकं पुसत, चकाकी जाऊन थोडं धूसर झालं की लगेच पाण्याखाली.

मायक्रोस्कोपखाली दोन प्रकारच्या जास्तीच्या रेघा दिसल्या. पहिला प्रकार बारीक, दाट, समांतर, एकाच ग्रेनमध्ये पाचसहा, काही ठिकाणी एकमेकींना छेदणाऱ्या. दुसरा प्रकार म्हणजे पट्टे, दोन्ही कडा सरळ आणि समांतर, पट्ट्याच्या आतला रंग ग्रेनच्या बाकीच्या भागापेक्षा वेगळा, आणि पट्टा ग्रेनच्या एका बाउंड्रीपासून दुसऱ्या बाउंड्रीपर्यंत जाणारा किंवा मध्येच काटकोनी तुटलेला. पट्टे बघूनच मी ट्विन म्हटलं. बारीक रेघांवर मात्र शंका होती, कारण ट्यूब मिलमध्ये अॅनिल झाल्यावर स्ट्रेटनिंगच्या रोलमधून जाते, त्याने पण असल्या स्लिपच्या रेघा पडू शकतात, मग त्या मालाच्याच झाल्या.

हे ओळखायचा उपाय सोपा आहे पण कष्टाचा. तोच माउंट परत १ मायक्रॉनवर आणि परत सिलिकावर घ्यायचा, या वेळी जास्त वेळ, आणि परत तसंच एचिंग. रेघा पॉलिशिंगच्या असतील तर कमी होतात, मालाच्या असतील तर खालच्या थरातही तशाच दिसतात. काकांनी सिलिकावर दुप्पट वेळ दिला. बारीक रेघा जवळजवळ सगळ्या गेल्या, नुसत्या बाहेरच्या कडेला थोड्या राहिल्या (त्या स्ट्रेटनिंगच्या असाव्यात, आणि त्या भागात आम्ही मोजलंच नाही). पट्टे जिथल्या तिथे, एकही हलला नाही.

म्हणजे ट्विनच. तर ट्विन म्हणजे काय ते थोडक्यात. ऑस्टेनाइट कोल्ड वर्क करून परत तापवलं की नवीन ग्रेन वाढताना अणूंची रांग काही वेळा एखाद्या प्रतलापाशी उलटी बसते, आरशात बघितल्यासारखी, आणि थोड्या अंतराने परत सरळ होते. तो मधला पट्टा म्हणजे ट्विन. पट्टा त्याच ग्रेनचा भाग आहे, त्याच्या कडा खऱ्या ग्रेन बाउंड्री नाहीत. एएसटीएम ई ११२ मध्ये ग्रेन साइझ काढताना ट्विनच्या कडा मोजायच्या नाहीत हे सरळ लिहिलेलं आहे. आणि त्यात तुलनेसाठी जे चार्ट दिलेत त्यात ट्विन असलेल्या मालाची प्लेट वेगळी आहे आणि नसलेल्याची वेगळी, ती याचसाठी, पितळ-स्टेनलेसचा फोटो साध्या फेरिटच्या प्लेटशेजारी धरून नंबर सांगू नये म्हणून. सॉफ्टवेअरला यातलं काही माहीत नसतं, त्याला काळी रेघ म्हणजे बाउंड्री. काही पॅकेजमध्ये ट्विन काढून टाकायचा पर्याय असतो, पण तो सरळ समांतर कडांच्या अंदाजावर चालतो आणि तुटक्या ट्विनला फसतो, तेव्हा तो लावला तरी स्क्रीनवर डोळे ठेवायलाच लागतात.

माणसाने डोळ्याने ट्विन सोडून मोजता येतं, पण मग पार्टी म्हणणार की तुम्हाला पाहिजे त्या रेघा सोडल्या. म्हणून असं एचिंग पाहिजे होतं ज्यात ट्विन उठतच नाहीत. ते आहे, ६० टक्के नायट्रिक अॅसिड, म्हणजे ६० भाग अॅसिड आणि ४० भाग पाणी, इलेक्ट्रोलाइटिक. सॅम्पल पॉझिटिव्हला, स्टेनलेसची पट्टी निगेटिव्हला. ट्विनची कड ही अणूंच्या दृष्टीने इतकी व्यवस्थित बसलेली असते की तिच्यात ऊर्जा फार थोडी, त्यामुळे हलक्या व्होल्टेजला अॅसिड तिला सोडतं आणि विस्कळीत असलेल्या खऱ्या ग्रेन बाउंड्रीला खातं. हलक्या म्हणजे खरंच हलक्या, स्टेनलेसचा कॅथोड असेल तर १.१ व्होल्ट, २ मिनिटं. प्लॅटिनमचा असेल तर ०.४ व्होल्ट आणि ४५ सेकंद. १०-३० व्होल्टच्या पॉवर सप्लायचा काटा १.१ वर भरवशाचा नसतो, त्यामुळे मल्टिमीटरची टोकं थेट सॅम्पल आणि कॅथोडला लावून व्होल्टेज बघितलं, डायलवर नाही.

बेकलाइटमधून करंट जात नाही, म्हणून माउंटच्या पाठीमागून ड्रिल मारून धातूपर्यंत भोक पाडलं आणि त्यात स्टेनलेसची सुई घट्ट बसवली. पॉलिश केलेल्या तोंडाला क्लिप लावायची नाही, तिथे डाग पडतो आणि कॉन्टॅक्टही कच्चा राहतो. अजून एक, आणि हे गंमतीवारी घेऊ नका: सॅम्पलला नुकतंच आयसोप्रोपिल मारलेलं असेल तर ते पूर्ण उडून जाईपर्यंत या अॅसिडच्या जवळ आणायचं नाही, आणि अल्कोहोलची बाटली त्या टेबलावर ठेवायची नाही. कडक नायट्रिक आणि अल्कोहोल एकत्र आलं तर स्फोट होऊ शकतो. नायटलची बाटली बघून लोकांना वाटतं नायट्रिक आणि अल्कोहोल चालतं, पण तिथे नायट्रिक २ ते ५ टक्के असतं. काम फ्यूम हूडमध्ये, ग्लव्हज आणि गॉगल घालून.

पुन्हा सिलिकावर घेऊन हे एचिंग केलं. चित्र एकदम वेगळं, पांढऱ्या पाटीवर बारीक पेनाने काढल्यासारखी जाळी, पट्टे गायब.

आता मोजणं. आम्ही इंटरसेप्ट पद्धत घेतली, तीन एकात एक वर्तुळांची. सरळ रेघेपेक्षा वर्तुळ बरं, कारण ग्रेन एका दिशेला ताणलेले असले तरी वर्तुळ सगळ्या दिशांनी जातं. तीन वर्तुळांची एकूण लांबी फोटोवर ५०० मिमी धरतात. १०० एक्सला ती धातूत ५ मिमी होते आणि सहा नंबरच्या ग्रेनला तिच्यावर सव्वाशे बाउंड्री येतात, मोजताना डोळे फिरतात. एका फोटोत ४० ते १०० आल्या तर बरं, म्हणून २०० एक्स, खरी लांबी २.५ मिमी. स्क्रीनवर काम करायचं तर वर्तुळं मायक्रॉनमध्ये काढायची, ३९८, २६५ आणि १३३ मायक्रॉन व्यासाची, मग मॉनिटर केवढा आहे आणि झूम किती आहे याच्याशी काही देणंघेणं राहत नाही. त्याआधी स्टेज मायक्रोमीटरची काच ठेवून, जिच्यावर १ मिमीचे १०० भाग असतात, त्याच ऑब्जेक्टिव्हला बार बरोबर येतो का बघून घेतलं.

पाच जागा घेतल्या, आणि जागा घेताना आयपीसमधून बघायचं नाही, स्टेजचा नॉब फिरवायचा आणि जिथे थांबेल तिथे फोटो, नाहीतर हात आपोआप सुंदर फील्ड शोधतो. कड सोडून भिंतीच्या आतून, मधून आणि बाहेरून अशा. वर्तुळ बाउंड्रीला छेदलं की एक, नुसतं चाटून गेलं तरी एक, तीन ग्रेन मिळतात त्या टोकावरून गेलं तर दोन. आकडे आले ६६, ७१, ६२, ७४, ६७. सरासरी ६८.

हिशोब असा:

```
l = 2.5 / 68 = 0.0368 mm
G = -6.6439 * log10(l) - 3.288
G = 6.2
```

त्यांच्या साडेसातला याच वर्तुळांवर १०५ यायला पाहिजेत. म्हणजे एका फोटोत साधारण ३७ रेघा जास्त, आणि त्या सगळ्या ट्विनच्या कडा. ट्विनमुळे फरक सव्वा नंबरचा पडला, बरोबर तेवढाच जेवढा प्रिंट लहान केल्याने पडला असता. निव्वळ योगायोग, पण कोणी बार न तपासता नुसत्या आकड्यांवरून कारण ठरवलं असतं तर चुकीच्या गोष्टीवर पत्र गेलं असतं.

पाच आकडे एकमेकांपासून किती लांब आहेत तेही बघायला लागतं. ६२ ते ७४ मधला पसारा धरून ९५ टक्के खात्रीचा पट्टा काढला तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना ५.८ येतो, म्हणजे साडेआठ टक्के. ई ११२ च्या हिशोबाने १० टक्क्यांच्या आत असलं की पुरे. नंबरात बोलायचं तर खरा आकडा ६.० ते ६.५ मध्ये कुठेतरी. ७ ची लिमिट या पट्ट्याच्या बाहेर आहे, म्हणून पाच फील्डवर थांबलो. आकडा ६.८ आला असता तर एवढ्यावर भागलं नसतं, दहा-पंधरा फील्ड घ्यावी लागली असती, कारण तेव्हा पट्ट्याचं एक टोक सातच्या पलीकडे गेलं असतं.

एक शंका मात्र आमच्या बाजूच्या उत्तरावर पण घ्यायला पाहिजे होती. नायट्रिकचं एचिंग ट्विनला सोडतं ते ठीक, पण ते काही खऱ्या बाउंड्रीही फिक्या सोडतं, विशेषतः जिथे शेजारच्या दोन ग्रेनची दिशा जवळपास सारखी असते. तशा बाउंड्री सुटल्या तर दोन ग्रेन एक मोजले जातात, ग्रेन जाड दिसतो, आणि या केसमध्ये जाड दिसणं म्हणजे आमच्याकडे आलेल्या माणसाचा फायदा. अशा वेळी जास्तच तपासायचं. फोटोत एखादी बाउंड्री मध्येच तुटून हवेत संपते का हे बघायचं, खरी ग्रेन बाउंड्री कधी हवेत संपत नाही, ती दुसऱ्या बाउंड्रीलाच जाऊन मिळते. तशी तुटकी टोकं थोडी होती. म्हणून माउंट परत पॉलिश करून ग्लिसरेजियाने एचिंग केलं, त्यात सगळंच उठतं, आणि दोघांनी वेगवेगळं बसून ट्विन डोळ्याने सोडून पाच फील्ड मोजले. सरासरी आली ७१, म्हणजे ६.४. दोन पद्धतींचे कल उलटे आहेत, एक थोडं कमी मोजते, दुसरीत एखादा तुटका ट्विन बाउंड्री समजून जास्त मोजला जातो, आणि दोन्ही सातच्या चांगल्या खाली. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

अजून एक बघून घेतलं, ग्रेन सगळीकडे एकसारखे आहेत का. आतल्या बाजूला बारीक आणि मध्ये जाड असा दुहेरी माल असता तर एकच सरासरी देणं चुकीचं झालं असतं, त्याला ई ११८१ प्रमाणे वेगळं लिहावं लागतं. इथे ६२ आणि ७४ दोन्ही भिंतीच्या मधल्याच भागातले होते, आतबाहेर असा काही ओढा नव्हता.

रिपोर्टात नंबर ६ लिहिला, ई ११२ इंटरसेप्ट, आणि त्याच्यापुढे नेहमीपेक्षा दोन ओळी जास्त: एचिंग कोणतं, व्होल्टेज किती, ट्विन बाउंड्री मोजलेल्या नाहीत, फील्ड पाच, आणि त्रुटी साडेआठ टक्के. नायट्रिकचा आणि ग्लिसरेजियाचा असे दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, दोन्हींवर वर्तुळं तशीच ठेवून. मॅग्निफिकेशन लिहिलंच नाही, फक्त बार, कारण ती फाइल पुढे कोण किती ओढणार ते आपल्या हातात नाही.

पार्टीच्या क्वालिटीवाल्याने फोन करून एकच प्रश्न विचारला, "पण तुमच्या ग्लिसरेजियाच्या फोटोत तर त्यांच्याएवढ्याच रेघा दिसतायत की?" म्हटलं साहेब, त्यांच्या आणि आमच्या फोटोत काहीच फरक नाही, तुम्ही फक्त एक वर्तुळ घ्या आणि जिथे जिथे दोन समांतर सरळ कडा लागतात तिथे पेनाने टिक करा. त्यांनी फोन चालू ठेवूनच टिका मारल्या. मधलं वर्तुळ निवडलं होतं, त्याच्यावर बारा टिका निघाल्या. मग त्यांनी आधीच्या लॅबला त्याच माउंटवर ट्विन सोडून परत मोजायला सांगितलं, आणि सुधारलेला रिपोर्ट साडेसहाचा आला. आमच्या ६.२-६.४ पेक्षा थोडा वर, पण त्यांनी जुन्याच एचिंगवर डोळ्याने मोजला होता त्या मानाने ठीकच. लॉट सुटला, माउंट आमच्या डेसिकेटरमध्ये लेबल लावून ठेवलाय.